फणूस

आमचा कॉन्फरन्स पेपर आठ पानांचा होता. विषय मराठी शब्दांचा: विभक्तीचा प्रत्यय काढून, सामान्यरूप उलगडून संगणकाने मूळ शब्द कसा शोधायचा. ‘माणसाला’ दिलं की ‘माणूस’ मिळाला पाहिजे, ‘पावसात’ दिलं की ‘पाऊस’. मराठी मजकुरात काहीही शोधायचं म्हटलं तर हे आधी जमावं लागतं, कारण एका नामाची डझनावारी रूपं होतात आणि शब्दकोशात त्यातलं एकच असतं.

सादरीकरण चांगलं झालं. शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी एका जर्नलच्या संपादकांनी थांबवून सांगितलं, “हा पेपर वाढवून आमच्याकडे पाठवा.” मी खूश झाले. ‘वाढवून’ या शब्दात काय काय येतं, हे कळायला मला पुढचं दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षाबद्दल लिहायचं आहे, कारण आता माझ्याकडे विद्यार्थी येतात तेव्हा तेही पहिला प्रश्न तोच विचारतात, जो मी विचारला होता: किती टक्के?

हा प्रश्न येतो कुठून, ते आधी सांगते. बऱ्याच शास्त्रांमध्ये परिषदेत फक्त गोषवारा छापतात आणि खरा लेख जर्नलमध्येच येतो. संगणकशास्त्रात तसं नाही. इथे कॉन्फरन्सचा पेपर पूर्ण लिहिलेला असतो, तो रिव्ह्यूअर तपासतात, प्रोसिडिंग्जमध्ये तो छापून येतो आणि लोक त्याचा संदर्भ देऊ लागतात. म्हणजे तो प्रसिद्ध झालेला मजकूर आहे. तोच पुन्हा जर्नलला द्यायचा तर जर्नल दोन गोष्टी विचारणारच: यात नवं पुरेसं आहे का, आणि नेमकं कोणतं? एसीएम या संगणकशास्त्रातल्या संस्थेच्या धोरणात साधारण किमान २५ टक्के नवा आशय असावा असं म्हटलं आहे. अनेक जर्नलं ३० टक्के म्हणतात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचा भर आधीच्या पेपरचा संदर्भ देण्यावर आणि नवा लेख त्याच्यापेक्षा कसा वेगळा आहे हे स्पष्ट सांगण्यावर आहे.

टक्के म्हटल्यावर मी पानं मोजली. आठ पानांना तीस टक्के म्हणजे अडीच पानं, आपण चार देऊ. आधीच्या संशोधनाचा आढावा दुप्पट केला. पाच आलेख घातले. एका तक्त्याचे तीन केले. हिंदीसाठीच्या अशाच एका प्रोग्रामशी तुलना जोडली. पहिल्या पानावर तळटीप टाकली की या लेखाची प्राथमिक आवृत्ती अमुक परिषदेत प्रसिद्ध झाली आहे. दिलं पाठवून.

चार महिन्यांनी उत्तर आलं: नाकारलेलं नव्हतं, मोठ्या सुधारणा मागितल्या होत्या. दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या अभिप्रायात एक प्रश्न होता, तो मला अजून पाठ आहे. वाढवलेला भाग काढून टाकला तर या लेखाच्या निष्कर्षात काय बदलतं?

काहीच बदलत नव्हतं. आढावा लांबला होता, आलेख तेच आकडे वेगळ्या रंगांत दाखवत होते. वाचणाऱ्याच्या हाती आठ पानांत जे लागलं होतं, तेच आता बारा पानांत लागत होतं.

मी माझ्या गाइडकडे गेले. सर तेव्हा निवृत्तीला आले होते, केबिनमधली पुस्तकं खोक्यांत भरत होते. मी टक्क्यांचं गणित मांडायला लागले तसे ते म्हणाले, “अगं, टक्के कसले मोजतेस? जुना पेपर समोर ठेव. एकेक वाक्य वाच आणि प्रत्येकाला विचार, हे आजही खरं आहे का? जिथे अडखळशील तिथे तुझा जर्नल पेपर आहे.”

मी ते शब्दशः केलं. पेपरची प्रत काढली, पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करत गेले. पहिली चार पानं निभावली. पाचव्या पानावर प्रयोगाची रीत सांगणारं एक वाक्य होतं: वर्तमानपत्रांतून गोळा केलेल्या शब्दरूपांची यादी आम्ही यदृच्छेने दोन भागांत विभागली, एका भागावर प्रोग्रामला नियम शिकवले, दुसऱ्यावर त्याची परीक्षा घेतली.

वाक्य खरं होतं. आम्ही तसंच केलं होतं. पण पेन्सिल तिथे थांबली.

यादी शब्दरूपांची होती. त्यात ‘माणसाला’, ‘माणसाने’, ‘माणसांचा’, ‘माणसासाठी’ हे चार वेगवेगळे नोंदलेले शब्द होते. यदृच्छेने वाटणी केली की दोन शिकवण्याच्या भागात जाणार आणि दोन परीक्षेच्या भागात. प्रोग्रामने ‘माणसाला’वरून ‘माणसा-’ म्हणजे ‘माणूस’ हे एकदा लक्षात ठेवलं की परीक्षेतला ‘माणसाने’ त्याच्यासाठी प्रश्नच उरत नाही. त्याला फक्त ‘ने’ काढायचा आहे. आम्ही मात्र पेपरात लिहिलं होतं की प्रोग्राम न पाहिलेल्या शब्दांचं मूळ शोधतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. दोन्ही भागांतल्या मूळ शब्दांचे संच घ्यायचे आणि सामाईक किती आहेत ते पाहायचं:

```python
common = set(train_lemmas) & set(test_lemmas)
print(len(common), len(set(test_lemmas)))
```

दोन आकडे जवळजवळ सारखे आले. परीक्षेतल्या बहुतेक शब्दांचं मूळ प्रोग्रामला आधीच माहीत होतं. त्या रात्री मी जेवले नाही. पेपर छापून वर्ष होऊन गेलं होतं.

मग वाटणी पुन्हा केली, या वेळी मूळ शब्दांवरून. ‘माणूस’ एका बाजूला गेला तर त्याची सगळी रूपं त्याच बाजूला. आकडा चांगलाच खाली आला. पण आता चुका पाहण्यासारख्या होत्या. आधीच्या प्रयोगात चुका इतक्या थोड्या होत्या की त्यांत काही क्रम दिसत नव्हता. आता पहिल्याच पानावर ‘फणसाला’ या शब्दासमोर प्रोग्रामने मूळ शब्द दिला होता: ‘फणूस’.

मी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत बसले. चूक आहे, पण किती समजून केलेली. ‘माणसाला’चा ‘माणूस’ होतो, ‘कापसाला’चा ‘कापूस’ होतो, मग ‘फणसाला’चा ‘फणूस’ का होऊ नये? खाली ‘कळसावर’चा ‘कळूस’ होता. ‘लोण्याला’चा ‘लोणा’ होता, कारण शिकवण्याच्या भागात ‘दाण्याला’ म्हणजे ‘दाणा’ हे आलं होतं आणि ‘पाण्याला’ म्हणजे ‘पाणी’ नेमकं परीक्षेच्या बाजूला गेलं होतं. सामान्यरूप होताना मराठी शब्द आपली काही माहिती टाकून देतो. ‘माणूस’मधला दीर्घ ऊ जातो, ‘दाणा’ आणि ‘लोणी’ यांचे शेवटचे स्वर वेगळे असूनही दोघांचं ‘ण्या’ होतं. टाकलेली माहिती रूपावरून परत मिळवता येत नाही. तिच्यासाठी शब्दकोश लागतो किंवा वाक्यातला शेजार लागतो. मराठी बोलणारा माणूस ‘फणूस’ म्हणत नाही तो नियमामुळे नव्हे, त्याला फणस माहीत असतो म्हणून.

आमच्या आठ पानांत ही गोष्ट कुठेच नव्हती. तिथे आम्ही म्हटलं होतं की नियम पुरेसे आहेत.

आता जर्नलसाठी खरोखर काहीतरी होतं. नवी वाटणी, चुकांचं वर्गीकरण, शब्दकोशाचा आधार दिला तर कोणत्या चुका जातात आणि कोणत्या राहतात याची तपासणी. आणखी एक भाग जोडला, जुन्या मजकुराचा. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम लागू होण्याआधीच्या छपाईत ‘घरांत’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं एकवचनीही असायचं. आज तोच अनुस्वार अनेकवचन दाखवतो. वर्तमानपत्रांवर शिकलेला आमचा प्रोग्राम जुन्या पुस्तकातली प्रत्येक ‘घरांत’ अनेक घरांत नेऊन ठेवत होता. हा भाग लिहिताना मला मनापासून आनंद झाला. हिंदीशी तुलना आणि पाच आलेख काढून टाकले.

अडचण पुढे आली. फरक सांगायचा कसा?

नव्या भागांबद्दल काही वाटत नव्हतं. ‘विभाग ५ आणि ६ नवे आहेत’ हे लिहायला कोणाचीच ना नसते, उलट अभिमानाने लिहितात. पण आमच्या लेखात तीन प्रकारचे फरक होते. काही जोडलं होतं. काही बदललं होतं. आणि एक दावा आम्ही मागे घेत होतो. तिसरा प्रकार लिहायला हात धजत नाही. सहलेखकांपैकी एकाचं म्हणणं होतं की नवा तक्ता द्यावा, जुन्याचा उल्लेखच करू नये. रीत वेगळी आहे, आकडे वेगळे येणारच, त्यात स्पष्टीकरण कसलं?

मला ते पटत नव्हतं. का पटत नाही हे मात्र नीट सांगता येईना. ते मला दुसऱ्याच क्षेत्रातल्या लेखांच्या एका जोडीने दाखवलं.

फोटोंमधली वस्तू ओळखण्याच्या क्षेत्रात डेव्हिड लो यांची सिफ्ट ही पद्धत फार गाजली. फोटो लहानमोठा केला, फिरवला तरी त्यातले ठरावीक बिंदू पुन्हा ओळखता यावेत, ही तिची कल्पना. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लो यांनी ती १९९९ साली ग्रीसमध्ये भरलेल्या आयसीसीव्ही या परिषदेत आठ पानांत मांडली. जर्नलमधला विस्तृत लेख २००४ साली आला, वीस पानांचा. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले.

सुरुवातीलाच, आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात, लो सांगतात की हा लेख १९९९च्या कामाचा अधिक खोलात जाऊन केलेला विकास आणि विश्लेषण आहे आणि त्यात पद्धतीतही सुधारणा आहेत. हे सगळेच लिहितात. पुढे बिंदूची जागा नक्की करण्याच्या परिच्छेदात मात्र त्यांनी जे केलं आहे ते मला शिकण्यासारखं वाटलं. तिथे ते सरळ म्हणतात की १९९९च्या पहिल्या अंमलबजावणीत बिंदूची जागा फक्त मधल्या नमुन्याची धरली होती. मग सांगतात की आता शेजारच्या मूल्यांवर वर्गसमीकरणाचा वक्र बसवून दोन नमुन्यांच्या मधली खरी जागा काढतात, आणि ती रीत मॅथ्यू ब्राउन यांच्यासोबतच्या २००२च्या लेखातली आहे. म्हणजे फरक पहिल्या पानावर एकदा सांगून ते मोकळे झाले नाहीत. जिथे पद्धत बदलली तिथेच ‘आधी असं होतं, आता असं आहे’ ही नोंद आहे.

आणि ही नोंद का लागते, तेही त्याच जोडीत दिसतं. १९९९च्या लेखात एका बिंदूचं वर्णन १६० आकड्यांचं होतं. २००४मध्ये ते १२८ आकड्यांचं आहे: चार गुणिले चार चौकटी, प्रत्येकीत आठ दिशा. दोन्हींना नाव सिफ्टच. एखाद्याने पहिला लेख वाचून प्रोग्राम लिहिला आणि दुसऱ्याने दुसरा वाचून, तर ते दोन वेगळे प्रोग्राम आहेत, आणि त्यांच्या निकालांची तुलना करणाऱ्याला हे माहीत असावं लागतं.

सहलेखकाला मी हेच सांगितलं. आपल्या प्रोग्रामचं नाव दोन्ही लेखांत एकच आहे. कॉन्फरन्स पेपर प्रोसिडिंग्जमधून नाहीसा होणार नाही. लोक तो वाचत राहणार आणि त्यातल्या आकड्याशी आपलं काम ताडून पाहणार. जुना तक्ता नजरेआड केला तर तो चूक आहे हे कोणालाच कळणार नाही, कारण ते सांगू शकणारे फक्त आपणच आहोत. तो दोन दिवस गप्प होता. मग त्यानेच तो परिच्छेद इंग्रजीत लिहून पाठवला. आशय असा: या लेखाची आधीची आवृत्ती अमुक परिषदेत प्रसिद्ध झाली. विभाग ३मधली पद्धत तीच आहे. विभाग ५ आणि ६ नवे आहेत. विभाग ४मधली विदेची वाटणी बदलली आहे. आधीच्या वाटणीत एकाच मूळ शब्दाची रूपं दोन्ही भागांत येत होती, त्यामुळे आधीच्या लेखातल्या तक्ता २मधले आकडे न पाहिलेल्या शब्दांना लागू पडत नाहीत, त्यांच्या जागी इथला तक्ता ४ वापरावा.

हा परिच्छेद प्रस्तावनेच्या शेवटी गेला. तक्ता ४मध्ये जुन्या वाटणीचे आकडे एका स्तंभात, नव्या वाटणीचे शेजारच्या स्तंभात ठेवले. आणि संपादकांना लिहिलेल्या कव्हर लेटरमध्ये विभागवार यादी दिली, सोबत कॉन्फरन्स पेपरची पीडीएफ जोडली. जिथे लेखकांची नावं रिव्ह्यूअरपासून लपवलेली असतात तिथे हे जरा जपून करावं लागतं. ‘आमचा आधीचा पेपर’ असं लेखात लिहिलं की नाव उघड होतं. अशा वेळी काय कुठे जोडायचं ते संपादकांना आधीच विचारून घ्यावं.

संपादकांनी फरक दाखवणारी प्रतही मागितली होती. लेख लाटेक या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्यांकडे त्यासाठी सोपं साधन आहे:

```
latexdiff -e utf8 --flatten conf.tex journal.tex > diff.tex
xelatex diff.tex
```

नवा मजकूर निळा, काढलेला लाल आणि खोडलेला. माझी पहिली प्रत जवळजवळ पूर्ण रंगीत आली, कारण मी विभागांचा क्रम बदलला होता. जागा बदललेला परिच्छेद या साधनाला एकीकडे खोडलेला आणि दुसरीकडे नवा दिसतो. यावर उपाय साधा निघाला. जुन्या फाइलची एक प्रत घेऊन तिच्यात फक्त विभागांचा क्रम नव्यासारखा केला, एक शब्दही बदलला नाही, आणि त्या प्रतीशी तुलना केली. रंग निम्म्यावर आले. जे उरले ते खरे फरक होते. तरीही एक गोष्ट हे साधन करत नाही. विभाग ६ची पाच निळी पानं डोळ्यांत भरतात, आणि पेपरचा दावा जिथे उलटला ती तक्त्यातली दोन निळी अक्षरं कोणाला दिसतही नाहीत. म्हणून परिच्छेद हातानेच लिहावा लागतो.

सिमिलॅरिटी रिपोर्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मुलं तिथे सगळ्यात जास्त घाबरतात. जर्नलं आलेला लेख तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून घालतात आणि तो तुमच्याच कॉन्फरन्स पेपरशी जुळला की रिपोर्टमध्ये मोठा आकडा दिसतो. तो खाली आणायला मुलं जुनी वाक्यं समानार्थी शब्द घालून फिरवतात. कृपा करून असं करू नका. पद्धत तीच असेल तर वाक्यही तेच असू द्या, विशेषतः व्याख्या. ‘मूळ शब्द’ची व्याख्या पहिल्या लेखात एक आणि दुसऱ्यात शब्द फिरवून दुसरी असेल, तर वाचणाऱ्याला कसं कळणार की फक्त शब्द बदलले आहेत की अर्थही? आधीच्या पेपरचा संदर्भ दिलेला असेल आणि कव्हर लेटरमध्ये सांगितलं असेल, तर ते जुळणं कुठून आलं हे समजदार संपादकाला कळतं. आकृत्या मात्र तशाच उचलायच्या असतील तर प्रोसिडिंग्जच्या प्रकाशकाचा करार आधी वाचा. कॉपीराइट अनेकदा त्यांच्याकडे दिलेला असतो, बहुतेक वेळा आकृतीखाली श्रेय देऊन वापरता येते, पण श्रेयाचे शब्द तेच ठरवून देतात.

लेख स्वीकारला गेला. बावीस पानं झाली. टक्के शेवटपर्यंत कोणी विचारले नाहीत. दुसऱ्या रिव्ह्यूअरने या वेळी तक्ता ४बद्दल एकच सूचना केली: जुन्या स्तंभाच्या शीर्षकातच लिहा की ही वाटणी वापरू नये. आम्ही लिहिलं.

गेल्या वर्षी एका दुसऱ्या शहरातल्या पीएचडी करणाऱ्या मुलाची मेल आली. तो मराठी शब्दांवरच काम करतो. त्याने आमचा कॉन्फरन्स पेपर वाचला होता आणि दोन महिने तो त्या आकड्याच्या मागे लागला होता. त्याचा प्रोग्राम कितीही सुधारला तरी खालीच राहत होता. आपल्या हातून काय चुकतंय, असं त्याने विचारलं होतं. विदेची वाटणी त्याने पहिल्यापासून मूळ शब्दांवरूनच केली होती. म्हणजे त्याचं काहीच चुकत नव्हतं.

मी त्याला जर्नल लेख पाठवला आणि तक्ता ४ कोणत्या पानावर आहे ते लिहिलं. जुना आकडा आम्हीच मागे घेतला आहे हेही लिहिलं, आणि त्याच्या गेलेल्या दोन महिन्यांबद्दल माफी मागितली. प्रोसिडिंग्जच्या पानावर दुरुस्तीची नोंद घालता येईल का, हे आम्ही लेख छापून आला तेव्हाच विचारायला हवं होतं. ते मी त्याची मेल आल्यावर विचारलं, आणि आता तिथे तशी एक ओळ आहे.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. सोबत त्याच्या प्रोग्रामच्या चुकांची यादी होती, पडताळून पाहण्यासाठी. तिसऱ्याच ओळीत ‘फणसाची’, आणि पुढे ‘फणूस’.